मनगटावरची बॅटरी नेमकी जाते कुठे?

सॅमसंगने 2023 साली ‘गॅलॅक्सी वॉच 6’ बाजारात आणले तेव्हा त्याच्या बॅटरीबद्दल एक नव्हे, दोन आकडे जाहीर केले. पडद्यावर वेळ सतत दिसत ठेवली तर घड्याळ 30 तासांपर्यंत चालेल आणि ती सोय बंद ठेवली तर 40 तासांपर्यंत. घड्याळ तेच, बॅटरीही तीच. फरक फक्त एका बटणाचा, आणि त्या बटणाची किंमत दहा तास.

स्मार्टवॉचची बॅटरी पुरत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून लोक दिसेल ते सगळे बंद करत सुटतात आणि शेवटी हातात राहते ते महागडे साधे घड्याळ. खरे तर तीन सेटिंग्ज नीट समजून घेतल्या तर बहुतेकांचे काम भागते. सतत दिसणारा पडदा म्हणजे ऑलवेज-ऑन डिस्प्ले, हात उचलताच पडदा उजळणे म्हणजे रेझ-टू-वेक आणि पडद्याआड ॲप्सनी स्वतःला ताजे करत राहणे म्हणजे बॅकग्राउंड रिफ्रेश. यातल्या पहिल्या दोन सोयी बऱ्याच अंशी एकच काम करतात, हे ध्यानात आले की निम्मा प्रश्न सुटतो.

पडदा सतत जागा ठेवण्याची किंमत

चांगल्या स्मार्टवॉचचा पडदा ओएलईडी प्रकारचा असतो. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. म्हणून हात खाली असताना घड्याळ मंद होते, पार्श्वभूमी काळी होते आणि बारीक रेषांतले आकडे तेवढे उरतात. गूगलच्या वेअर ओएस प्रणालीत ॲप बनवणाऱ्यांना सूचनाच आहे की या अवस्थेत पडद्याचे 15 टक्क्यांहून जास्त ठिपके उजळू नयेत.

दुसरी बचत पडदा किती वेळा नव्याने रंगवला जातो यात आहे. एरवी तो सेकंदाला 60 वेळा रंगवला जातो. ॲपलने 2019 मध्ये सिरीज 5 या घड्याळात पहिल्यांदा सतत दिसणारा पडदा दिला तो याच आधारावर, कारण त्यातला पडदा गरजेनुसार सेकंदाला एकदा इतका संथ होऊ शकत होता. कित्येक घड्याळांत हात खाली गेला की सेकंदकाटा नाहीसा होतो, त्यामागेही हेच कारण आहे. मिनिटाला एकदाच चित्र बदलायचे तर सेकंदकाटा दाखवणार कसा?

इतकी काटकसर करूनही खर्च होतोच, कारण तो थांबत नाही. घरात रात्रभर जळणारा झिरोचा दिवा दर तासाला अगदी थोडी वीज घेतो, पण महिन्याच्या बिलात दिसतो, तसेच हे आहे. सॅमसंगच्या आकड्यांवरून हिशेब मांडता येतो. 40 तासांत 100 टक्के म्हणजे तासाला अडीच टक्के. 30 तासांत 100 टक्के म्हणजे तासाला सुमारे 3.3 टक्के. सतत दिसणाऱ्या पडद्याचा भार तासाला एक टक्क्याहूनही कमी आहे.

आता हा आकडा एका दिवसावर लावून पाहू. समजा, ठाण्यातल्या एका शिक्षिकेने सकाळी 6 वाजता पूर्ण चार्ज केलेले हे घड्याळ हातात घातले. पडदा सतत दिसत असेल तर रात्री 11 वाजता साधारण 43 टक्के बॅटरी उरेल. सोय बंद असेल तर 57 टक्के. रात्री घड्याळ काढून चार्जिंगला लावायचे असेल तर या फरकाला काही अर्थ नाही. 43 टक्क्यांवर लावले काय आणि 57 वर लावले काय, सकाळी ते पूर्ण भरलेलेच मिळणार. अशा माणसाने पडदा खुशाल सतत चालू ठेवावा.

झोपेची नोंद ठेवण्यासाठी घड्याळ रात्रीही हातात असेल तर मात्र चित्र बदलते. पडदा रात्रभर चालू राहिला तर दुसऱ्या सकाळी 6 वाजता 20 टक्के उरतात आणि दुपारी 12 वाजता, शाळेच्या ऐन मधल्या वेळेत, घड्याळ बंद पडते. सोय बंद ठेवली तर सकाळी 40 टक्के असतात आणि ते रात्री 10 पर्यंत साथ देते. हे कंपनीचे कमाल आकडे आहेत. जीपीएस लावून चालायला गेलात किंवा वारंवार कॉल घेतले तर दोन्ही आकडे खाली येतील. पण दोन्हींतला फरक निर्णयासाठी पुरेसा बोलका आहे.

या दोन टोकांच्या मधली वाटही आहे. झोपेत पडदा कुणीच पाहत नाही. सॅमसंगच्या घड्याळात Sleep mode लावला की सतत दिसणारा पडदा आणि हात उचलून उजळणे, दोन्ही रात्रीपुरते बंद होतात. दिवसाची सोय न गमावता रात्रीचे पाच-सहा टक्के वाचतात.

हात उचलला की उजळणारा पडदा

मनगटाची हालचाल ओळखणारा सेन्सर अगदी कमी विजेवर चालतो आणि पावले मोजण्यासाठी तो तसाही जागाच असतो. त्यामुळे ही सोय स्वतः फारसे काही खात नाही. खर्च होतो तो पूर्ण उजेडात, पूर्ण रंगांत उघडणाऱ्या पडद्याचा.

हात खरोखर वेळ पाहायला उचलला की उगाच, हे सेन्सरला नेहमी कळत नाही. कणीक मळताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना, भजनात टाळ वाजवताना, फळ्यावर लिहिताना मनगट वळते आणि पडदा उजळतो. दिवसात असे 100 वेळा झाले आणि दर वेळी पडदा 15 सेकंद राहिला तर 25 मिनिटे तो पूर्ण उजेडात कुणासाठीही नाही असा जळाला. ओळखण्याची खूण सोपी आहे. संध्याकाळी दिवे मालवून नेहमीचे काम करा. घड्याळ वारंवार भिंतीवर उजेड टाकत असेल तर तुमच्या हालचाली त्याला फसवत आहेत.

दोन्ही सोयी एकमेकींशी जोडून पाहायला हव्यात त्या इथे. सतत दिसणाऱ्या पडद्याने वेळ दिसतेच आहे, मग हात उचलल्यावर तो पुन्हा पूर्ण उजळण्याची गरज किती? ज्यांचे हात दिवसभर हलते आहेत, म्हणजे स्वयंपाक, वाहन, शिकवणे, कारागिरी, त्यांनी पडदा सतत ठेवून हात उचलण्याची सोय बंद करावी. संदेश वाचायचा झाला तर बोटाने टकटक करून पडदा उघडतो. उलट ज्यांचे हात बहुतेक वेळ टेबलावर स्थिर असतात, त्यांना सतत पडदा बंद करून हात उचलण्याची सोय ठेवणे परवडते. दोन्ही बंद करण्याची पाळी क्वचितच येते.

ॲपल वॉचमध्ये या दोन्ही सेटिंग्ज Settings मधल्या Display & Brightness या भागात Always On आणि Wake on Wrist Raise या नावांनी सापडतात. सॅमसंगमध्ये त्या Settings मधल्या Display या भागात आहेत. तिथेच पडदा किती सेकंदांनी मिटावा तेही ठरवता येते. ती वेळ कुणी वाढवून ठेवली असेल तर आधी ती 15 सेकंदांवर आणा.

पडद्याआडची ये-जा

हवामान, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर अशी ॲप्स तुम्ही उघडली नसली तरी अधूनमधून जागी होतात, इंटरनेटवरून नवी माहिती आणतात आणि पुन्हा निजतात. दर वेळी प्रोसेसर आणि रेडिओ दोघांना उठावे लागते. ॲपल वॉचमध्ये Settings, General आणि मग Background App Refresh इथे गेल्यावर प्रत्येक ॲपसमोर वेगळे बटण दिसते. महिन्यात एकदाही न उघडलेली ॲप्स तिथे बंद करावीत.

इथे बरेच जण फसतात. ॲप या यादीत बंद केले तरी त्याची छोटी खिडकी घड्याळाच्या मुख्य चेहऱ्यावर ठेवली असेल तर ते ताजे होत राहू शकते. तापमान, शेअरचा भाव, पुढची बैठक असे चेहऱ्यावरचे छोटे चौकोन किंवा गोल म्हणजे या खिडक्या. अशा ॲपला तासाला चार वेळांपर्यंत जागे होण्याची मुभा असते. म्हणून यादीतली बटणे बंद करण्याआधी चेहरा मोकळा करा. रोज खरोखर पाहता त्या दोन-तीन खिडक्या ठेवा, बाकीच्या काढा.

संदेश येणे थांबेल अशी भीती अनेकांना वाटते. फोनवर आलेल्या सूचना घड्याळावर दिसतात त्या फोनकडून येतात. बॅकग्राउंड रिफ्रेश बंद केल्याने त्या थांबत नाहीत. मात्र एक अपवाद गंभीर आहे. रक्तातली साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचे ॲप किंवा प्रकृतीवर लक्ष ठेवणारे दुसरे कोणतेही ॲप या यादीत असेल तर त्याला हात लावू नका. हीच काळजी ॲपलच्या Low Power Mode बद्दलही घ्यावी. त्याने बॅटरी भरपूर वाचते, पण पडद्याबरोबरच हृदयाच्या ठोक्यांचे आपोआप होणारे मोजमाप आणि अनियमित ठोक्यांची सूचनाही बंद होते. हृदयविकार असलेल्या व्यक्तीच्या मनगटावर तो कायमचा लावून ठेवू नये.

दोष पडद्याचा की आणखी कशाचा?

सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. एक सेटिंग बदला, दोन दिवस नेहमीसारखे वागा आणि सकाळी व रात्री ठरलेल्या वेळी बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. मग पुढची सेटिंग. घड्याळ नवे असेल किंवा नुकतेच अपडेट झाले असेल तर पहिले दोन-तीन दिवस मोजू नका, कारण त्या काळात ते आतली बरीच कामे उरकत असते.

रात्र ही सर्वांत चांगली कसोटी आहे. पडदा पूर्ण बंद असताना सात तासांत बॅटरी दिवसाच्याच वेगाने उतरत असेल तर दोष पडद्याचा नाही. एखादे ॲप अडकले असेल, किंवा सिम असलेले घड्याळ फोनपासून दूर राहून कमकुवत नेटवर्क शोधत असेल. घड्याळ एकदा बंद करून पुन्हा चालू करा. फरक पडला नाही तर अलीकडे टाकलेले ॲप काढून पाहा.

तरीही सुधारणा नसेल आणि घड्याळ तीन-चार वर्षांचे असेल तर ॲपल वॉचच्या Settings मधल्या Battery भागात Battery Health पाहा. बॅटरी 1000 पूर्ण चार्जिंगनंतरही मूळ क्षमतेच्या 80 टक्के टिकावी अशी तिची रचना आहे, असे ॲपल सांगते. आकडा त्याखाली गेला असेल तर सेटिंग्जशी झगडण्यात अर्थ नाही. तिथे उपाय एकच, बॅटरी बदलून घेणे.