पथकात 117 खेळाडू, मग पदके किती?

1 ऑगस्ट 2024, गुरुवार, दुपारची वेळ. बऱ्हाणपुरात आमच्या सिंधीपुऱ्यात पाच-सहा जण एका मोबाइलभोवती जमले होते. पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी सुरू होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिसरा आला आणि एकच गलका झाला. बऱ्हाणपूरचे स्टेशन मध्य रेल्वेवर, आणि स्वप्नीलही मध्य रेल्वेतला टीसी, त्यामुळे तो आम्हाला घरचाच वाटत होता. गलका थांबल्यावर शेजारच्या पोराने विचारले, "काका, आपले 117 जण गेलेत ना? मग दहा-बारा पदके तरी येतीलच की!"

भारताला शेवटी 6 पदके मिळाली. पोराचा हिशेब मात्र त्याच्या एकट्याचा नव्हता. दर मोठ्या स्पर्धेआधी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर हाच हिशेब वेगवेगळ्या रूपांत मांडला जातो. तो कुठे चुकतो आणि त्याऐवजी कसा करायचा, ते इथे सांगतो.

गैरसमज: पथक जितके मोठे, तितकी पदके जास्त.

लंडनला 2012मध्ये भारताचे 83 खेळाडू गेले आणि 6 पदके आली. रिओला 2016मध्ये 117 गेले आणि पदके आली 2. पॅरिसला जाहीर झालेले पथक, राखीव खेळाडू धरून, पुन्हा 117चेच होते, आणि पदके 6. खेळाडूंचा आकडा तोच असताना एकदा दोन आणि एकदा सहा पदके आली. नुसती डोकी मोजून काही हाती लागत नाही, हे एवढ्यावरूनच दिसते.

याचे पहिले कारण साधे आहे. रिओला 36 वर्षांनंतर महिला हॉकी संघ पात्र ठरला होता, म्हणून पुरुष आणि महिला मिळून हॉकीचेच 32 जण होते. या 32 जणांमुळे पदकतालिकेत फार तर दोन पदकांची भर पडली असती. याउलट कुस्तीतला एकटा मल्ल म्हणजे पदकाची एक पूर्ण संधी. त्यामुळे माणसांऐवजी संधी मोजाव्या लागतात. एक पदकप्रकार आणि त्यात आपला एक प्रवेश, मग तो एकट्याचा असो, जोडीचा असो की संघाचा, ही झाली एक संधी.

दुसरे कारण असे की सगळ्या संधी सारख्या वजनाच्या नसतात. पॅरिसच्या पथकात ॲथलेटिक्सचे 29 आणि नेमबाजीचे 21 जण होते. ॲथलेटिक्सने नीरज चोप्राचे एक रौप्य दिले, नेमबाजीने तीन कांस्ये दिली. बर्मिंगहॅमच्या 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर भारताचे 12 मल्ल उतरले आणि बाराच्या बारा पदक घेऊन परतले. वेटलिफ्टिंगमध्ये 15 पैकी 10, बॉक्सिंगमध्ये 12 पैकी 7. प्रवेशामागे पदक किती पडते, याचे प्रमाण खेळागणिक आणि स्पर्धेगणिक बदलते. कुस्ती आणि बॉक्सिंगमध्ये प्रत्येक वजनगटात दोन कांस्ये असतात, म्हणून तिथे तीनऐवजी चार पदके वाटली जातात. शिवाय राष्ट्रकुल कुस्तीत इराण, जपान किंवा रशिया नसतात. तिथले प्रमाण उचलून ऑलिंपिकला लावले, तर अंदाज कोसळणारच.

तरीही प्रवेशसंख्या निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ऑलिंपिकमध्ये जागा पात्रता मिळवून घ्यावी लागते, म्हणून एखाद्या खेळात आपले प्रवेश अचानक वाढले, तर तो खेळ सुधारत असल्याचा तो पुरावा असतो. फक्त तो आकडा खेळनिहाय वाचायला हवा.

गैरसमज: गेल्या वेळी इतकी पदके, म्हणजे या वेळी त्याच्या आसपास.

मागचा निकाल हा अंदाजाचा सगळ्यांत भक्कम पाया आहे, हे खरे. अँड्र्यू बर्नार्ड आणि मेगन बुसी या अर्थतज्ज्ञांनी लोकसंख्या आणि राष्ट्रीय उत्पन्नावरून ऑलिंपिक पदकांचा अंदाज बांधणारे सूत्र मांडले, त्यातही मागच्या स्पर्धेतला पदकांचा वाटा धरल्यावर अंदाज चांगला सुधारला. पण मागची बेरीज जशीच्या तशी उचलता येत नाही. आधी ती फोडावी लागते. हे मी एका उदाहरणातून सविस्तर दाखवतो, कारण इथेच सगळी गोम आहे.

2018च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला 66 पदके मिळाली. त्यांतली 16 नेमबाजीची होती. बर्मिंगहॅमने 2022साठी नेमबाजी वगळली. म्हणजे अंदाज 66वरून नव्हे, 50वरून सुरू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात 61 पदके आली. वरची 11 कुठून आली ते पाहू. ज्युडो आणि महिला क्रिकेट हे खेळ गोल्ड कोस्टला नव्हते. त्यांनी अनुक्रमे 3 आणि 1, अशी 4 पदके दिली. कार्यक्रम हातात असेल तर ही भर आधीच लक्षात घेता येते, आकडा मात्र अंदाजाचाच राहतो. ॲथलेटिक्स 3वरून 8वर गेले, हॉकी आणि लॉन बोल्स शून्यावरून प्रत्येकी 2वर. ही झाली 9. वेटलिफ्टिंगने एक वाढवले, बॉक्सिंगने दोन आणि टेबल टेनिसने एक गमावले. कुस्ती 12, बॅडमिंटन 6, स्क्वॉश 2 आणि पॅरा पॉवरलिफ्टिंग 1, हे होते तिथेच राहिले. 4 आणि 9 मिळून 13, त्यातून 2 वजा, राहिले 11. या हिशेबात ज्याला खरोखर "कामगिरीतली अनपेक्षित वाढ" म्हणता येईल, ती मुख्यतः ॲथलेटिक्सची आहे.

हीच रीत 2026च्या ग्लासगो राष्ट्रकुलला लावून पाहा. आयोजकांनी तिथे 10च खेळ ठेवले. कुस्ती, टेबल टेनिस, बॅडमिंटन, हॉकी, स्क्वॉश आणि क्रिकेट कार्यक्रमात नाहीत, आणि नेमबाजी तर आधीच नव्हती. बर्मिंगहॅममध्ये या सहा खेळांनी भारताला 12, 7, 6, 2, 2 आणि 1, म्हणजे 30 पदके दिली होती. उरलेल्या खेळांत वेटलिफ्टिंगची 10, ॲथलेटिक्सची 8, बॉक्सिंगची 7, ज्युडोची 3, लॉन बोल्सची 2 आणि पॅरा पॉवरलिफ्टिंगचे 1, असे मिळून 31. हा झाला सुरुवातीचा आकडा. त्यात पॅरा प्रकारांची वाढलेली संख्या आणि प्रत्येक खेळातली ताजी स्थिती पाहून वर-खाली करायचे. खेळांची यादी न वाचता 61चाच आकडा धरून बसणारा माणूस पुढे "भारताची घसरण" अशी ओरड करील, आणि खेळाडूंवर तो अन्याय होईल. ती घसरण खेळांच्या यादीतली आहे, मैदानावरची नाही.

गैरसमज: क्रमवारीत पहिल्या तिघांत असलेले खेळाडू मोजले की पदके मोजून झाली.

रिओला भारताचे 12 आणि टोकियोला 15 नेमबाज गेले. टोकियोआधी त्यांच्यापैकी काहींनी विश्वचषकांत सुवर्णांची रास लावली होती. दोन्ही ऑलिंपिकमध्ये नेमबाजीने एकही पदक दिले नाही. नावापुढे "पदक नक्की" अशी खूण केली की असा दगा होतो.

त्याऐवजी प्रत्येक संधीसमोर शक्यता लिहायची. गेल्या दोन वर्षांत ज्या स्पर्धांना जगातले सगळे तगडे प्रतिस्पर्धी होते, तेवढ्याच घ्यायच्या आणि त्यांत हा खेळाडू पहिल्या तिघांत किती वेळा आला ते पाहायचे. स्पर्धा थोड्या असतील तर आकडा फसवतो. तीनपैकी दोनदा पदक मिळाले म्हणून शक्यता 67 टक्के धरू नये. त्यात सर्वसाधारण चांगल्या खेळाडूच्या पाच स्पर्धा आणि एक पदक मिसळावे, म्हणजे आठात तीन, साधारण 38 टक्के. ही मिसळण किती करायची यावर जाणकारांत मतभेद असतात, पण काहीच न मिसळण्यापेक्षा ती बरी. मग सगळ्या शक्यतांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे अपेक्षित पदके.

समजा दहा संधी आहेत आणि प्रत्येकीची शक्यता 30 टक्के. बेरीज 3. पण नेमकी तीनच पदके मिळण्याची शक्यता साधारण 27 टक्केच भरते. दोन ते चारच्या दरम्यान मिळण्याची शक्यता 70 टक्के. म्हणजे गणित अगदी बरोबर असूनही दहातून तीन वेळा निकाल त्या पट्ट्याबाहेर जाईल. शिवाय हा हिशेब प्रत्येक संधी स्वतंत्र आहे असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात एकाच शिबिरातले, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालचे खेळाडू बहुधा एकत्र चमकतात किंवा एकत्र बिनसतात. रिओ आणि टोकियोत नेमबाजीचे तेच झाले. म्हणून खरा पट्टा कागदावरच्यापेक्षा रुंदच धरावा. एकच आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याचे भाकीत बरोबर आले, तरी त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो.

हा पट्टा कशाने बनतो, ते आमच्या निमाडातल्याच उदाहरणावरून कळते. स्वप्नीलच्याच प्रकारात पॅरिसला भारताचा दुसरा नेमबाज होता ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर, खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा. पात्रता फेरीत स्वप्नीलचे 590 गुण झाले, तो सातवा आला आणि अंतिम आठांत गेला. ऐश्वर्यचे गुण 589. तो बाहेर राहिला. क्रमवारी, सराव, अनुभव हे सगळे एका पारड्यात आणि एक गुण दुसऱ्या पारड्यात. बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरने 248 किलो उचलले आणि मलेशियाच्या स्पर्धकाने 249. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूपेक्षा 0.05 सेकंदाने मागे राहिला. या दोघांची पदके रौप्य झाली. पदकांची एकूण संख्या त्याने बदलली नाही, पण सुवर्णांची बदलली. सुवर्णांचा अंदाज एकूण पदकांच्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त डळमळीत असतो, तो यामुळेच.

लोकसंख्येबद्दल मात्र फार लिहीत नाही. कोटीकोटींचा देश असला, तरी ऑलिंपिक कुस्तीत एका देशाला प्रत्येक वजनगटात एकच मल्ल पाठवता येतो. तिथे नुसत्या लोकसंख्येचा उपयोग संपतो.

पुढच्या स्पर्धेआधी कोणी आकडा सांगितला, तर त्याला तीन गोष्टी विचारा: या वेळी कोणते खेळ आहेत, आपल्या संधी किती आहेत आणि अंदाजाचा पट्टा केवढा. सिंधीपुऱ्यातल्या त्या पोराला मी त्या दिवशी पॅरिससाठी चार ते दहा असा पट्टा सांगितला होता. तो नाराज झाला, त्याला एकच आकडा हवा होता. पॅरिसमध्ये भारताला 6 पदके मिळाली, आणि सहा वेळा भारतीय चौथे आले.