'इज हॅविंग' का खोडलं जातं?

माझ्या पहिल्या पेपरच्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'द सॅम्पल इज हॅविंग अ पोरस स्ट्रक्चर.' गाइडनी 'इज हॅविंग' वर लाल गोल केला आणि शेजारी फक्त 'हॅज' लिहिलं. 'हॅव' ला आयएनजी लागत नाही असा नियम मी मनात करून घेतला. मग त्याच लॅबमधल्या सीनियरच्या ईमेलमध्ये 'वुई आर हॅविंग लंच' दिसलं, आणि तेही बरोबर!

कारण इंग्रजीत क्रियापद एकच असतं, पण त्याची कामं दोन. एक स्थिती सांगतं, दुसरं कृती. सॅम्पलची रचना सच्छिद्र आहे, ती स्थिती झाली. ती काही घडत नाहीये, म्हणून 'हॅज'. जेवण मात्र सुरू होतं आणि संपतं, म्हणून 'आर हॅविंग' चालतं.

गंमत म्हणजे हा फरक आपल्याला आधीपासून येतो, कारण मराठीत तिथे शब्दच वेगळे आहेत. 'मला वाटतं' आणि 'मी विचार करतोय' हे दोन्ही इंग्रजीत 'थिंक'. पहिलं 'आय थिंक', दुसरं 'आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट'. आमटी खारट लागते, तिथे 'टेस्ट्स सॉल्टी'. आई आमटीची चव बघतेय, तिथे 'इज टेस्टिंग'. म्हणजे मराठी वाक्यात 'मला' किंवा 'माझ्याकडे' आलं तर बहुतेक वेळा साधा काळ, आणि 'मी' मुद्दाम काही करतोय असं असेल तर आयएनजी.

घोळ 'दिसणं' मध्ये होतो. आपण सहज म्हणतो, 'आलेखात शिखर दिसतंय.' ते 'दिसतंय' तसंच उचललं की 'वुई आर सीइंग अ पीक' होतं. पेपरमध्ये 'वुई सी अ पीक' किंवा सरळ 'वुई ऑब्झर्व्ह' लिहा. 'आय अ‍ॅम सीइंग माय गाइड टुमारो' मात्र बरोबर, कारण तिथे 'सी' म्हणजे भेटणं, आणि भेट ठरलेली आहे. हळूहळू बदलत जाणाऱ्या गोष्टीसाठी 'वुई आर सीइंग अ राइज' असंही इंग्रजीत म्हणतात, पण ते बोलण्यात आणि बातम्यांत जास्त.

माझी ही 'मला-मी' ची युक्ती काही ठिकाणी फसते. 'मी त्याला ओळखतो' मध्ये 'मी' आहे, तरी 'आय अ‍ॅम नोइंग हिम' चूकच. उलट 'आम्हाला पंपाचा त्रास होतोय' इथे 'आम्हाला' असूनही 'वुई आर हॅविंग ट्रबल विथ द पंप' बरोबर, कारण त्रास हल्ली सुरू झालाय आणि पंप दुरुस्त झाला की थांबेल. अशा वेळी शब्द सोडा आणि विचारा: हे आत्ता घडतंय, की फक्त तसं आहे?

मसुदा पाठवण्याआधी मी आता फाइलमध्ये 'हॅविंग' शोधतो. मागच्या वेळी सात सापडले. त्यातले सहा 'हॅज' झाले. सातवा पंपाचा होता, तो तसाच ठेवला.