पावसातला घाणा

डोंबिवली स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावणाऱ्या मावशींचा दिवस सकाळी बटाटे उकडण्यापासून सुरू होतो. किलोभर बटाट्यांत पंधरा-सोळा वडे निघतात. किती किलो लावायचे, हे नेहमीच्या गिऱ्हाइकांवर ठरतं. पहिल्या पाळीची नर्स दोन पार्सल नेते, रिक्षावाले दहाच्या सुमारास येतात आणि खरी गर्दी संध्याकाळच्या लोकलची असते.

पावसाळ्यात हा हिशोब बिघडतो. दमट हवेत सुकी चटणी ओलसर होऊन तिचे गोळे होतात, म्हणून मावशी ती पुन्हा तव्यावर कोरडी करून घेतात. ताडपत्रीवरून एक थेंब जरी कढईत पडला तरी तेल तडतडून अंगावर उडतं, म्हणून कढई नेहमी आतल्या बाजूला. पण खरा घात होतो भाजीचा. फोडणी घातलेला बटाटा गरम असतानाच झाकला की वाफेचं पाणी झाकणाला लागून पुन्हा भाजीत पडतं. ती ऊबदार ओल जंतूंना फार मानवते.

जुलैतल्या त्या दिवशी असंच झालं. दुपारी सर आली आणि घाईघाईत मावशींनी पातेल्यावर झाकण घालून वर प्लास्टिक ओढलं. संध्याकाळी रुळांवर पाणी साचलं, गाड्या थांबल्या आणि स्टेशनबाहेर भुकेली माणसं साचली. एवढं गिऱ्हाईक एरवी दोन दिवसांत मिळत नाही. मावशींनी झाकण काढलं. भाजीला कडेने पाणी सुटलं होतं, गोळा करताना ती बोटांना चिकटत होती आणि लसणाच्या मागून आंबूस वास येत होता.

तळून काढली असती तर कोणाला कळलं नसतं. आलं, लसूण आणि हिंग सगळा वास झाकतात. पण वरचं बेसन खरपूस होईपर्यंत आतला गोळा बऱ्याचदा नुसता गरम होतो, आणि काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष तळूनही जात नाही. मावशींना जंतूंची नावं माहीत नव्हती, वास माहीत होता. चार किलोंची भाजी, म्हणजे साठेक वडे, त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत ओतली. पंधरा रुपयांनी नऊशेचा धंदा गेला. मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

रोजचा एक रिक्षावाला म्हणाला, "मावशी, वडे नाहीत?"

"आज कांदाभजी खा, बाबा."

कांदा ताजा चिरायचा, मीठ चोळून त्याच्याच पाण्यात बेसन कालवायचं. उकडून ठेवायचं काही नाही. पीठ तेलात टाकताच बुडबुडत वर आलं की घाणा सोडायचा. पाव होते, चटणी होती. तासाभरात कांदे संपले.

आता पावसाळ्यात मावशी भाजी दोनदा करतात, सकाळी आणि चार वाजता. गॅस जास्त जळतो आणि दुपारची विश्रांती जाते. फोडणी घातल्यावर भाजी परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार होऊ देतात, मगच वर सुती फडकं टाकतात.