कॉर्टिसॉल: अति आणि अभाव, एकाच देहात

समजा, 45 वर्षांची एक बाई गुडघेदुखीसाठी दोन वर्षं कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी रोज घेते आहे. चेहरा वाटोळा झालाय, पोट सुटलंय, हातपाय मात्र काटकुळे. पोटावर जांभळट रुंद पट्टे आहेत आणि जरा धक्का लागला की कातडीखाली रक्त साकळतं. उकिडवं बसलं की टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. जाडी, मधुमेह, रक्तदाब तर कुणालाही असतो. पण हे पट्टे आणि मांड्यांतला अशक्तपणा कॉर्टिसॉलच्या अतिरेकाकडे, म्हणजे कुशिंग सिंड्रोमकडे बोट दाखवतात.

कॉर्टिसॉल तयार होतं मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत आणि त्याचा हुकूम सुटतो मेंदूतल्या पिट्युटरीकडून, एसीटीएचच्या रूपाने. पिट्युटरीत किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ झाली की हा हिशेब बिघडतो. ते पडताळायला रात्री 11 वाजता 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देतात. निरोगी माणसात सकाळी आठ-नऊला कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली गेलेलं असतं. कुशिंगमध्ये ते सहसा दबत नाही. पण कुशिंगचं सर्वांत नेहमीचं कारण गाठ नव्हे, तर बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड. म्हणून चाचणीच्या आधी औषधांची चौकशी.

पुडीत स्टेरॉइड होतं. घाबरून बाईंनी ती एकदम बंद केली. काही दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, रक्तदाब 80 वर आला, उभं राहिलं की भोवळ. सकाळी आठचं कॉर्टिसॉल 2 भरलं; 3 च्या खाली म्हणजे तुटवडा जवळपास पक्का. आकडा मधलाच आला, तर 250 मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन टोचून ग्रंथी उत्तर देते का ते बघतात.

हा मात्र अ‍ॅडिसनचा आजार नव्हे. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसननी 1855 मध्ये वर्णन केलेल्या त्या आजारात खुद्द ग्रंथीच निकामी होते: कधी क्षयाने, आपल्याकडे हे विसरून चालत नाही, तर कधी शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने. मग एसीटीएच भरमसाठ वाढतं, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. अल्डोस्टेरॉनही आटतं, म्हणून पोटॅशियम चढतं. आपल्या बाईंच्या हिरड्या गुलाबी, पोटॅशियम ठीक, एसीटीएच तळाला. दोन वर्षं बाहेरून आयता माल येत होता, तेव्हा पिट्युटरीने हुकूम सोडणंच थांबवलं आणि ग्रंथी आक्रसली. चेहरा अजून कुशिंगचा, रक्त मात्र तुटवड्याचं! परीक्षेला बसणारे नेमके इथेच फसतात.

अशा वेळी अहवालांची वाट बघत बसायचं नसतं. रक्ताचा नमुना घेऊन लगेच 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन सुरू करतात. ग्रंथी जागी व्हायला पुढे कित्येक महिने लागतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेत असाल, तर ते मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या.