आठ जीबीचा आय-सेव्हन की सोळाचा आय-फाइव्ह?

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं म्हणून लॅपटॉप घ्यायला गेलं की ही जोडी बहुतेक वेळा समोर येते. किंमत जवळपास सारखीच असते. एकात आय-सेव्हन प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम, दुसऱ्यात आय-फाइव्ह आणि १६ जीबी. दुकानदार बहुधा आय-सेव्हनकडे बोट दाखवतो, कारण सात हा आकडा पाचापेक्षा सहज विकला जातो.

मोबाइलवर काढलेला फोर-के व्हिडिओ टाइमलाइनवर टाकल्यावर आत काय होतं ते पाहिलं तर निवड सोपी होते. ती फाइल घट्ट दाबून भरलेली असते. प्रत्येक चित्र तिच्यात पूर्ण साठवलेलं नसतं. मधली बरीचशी चित्रं म्हणजे आजूबाजूच्या चित्रांपेक्षा काय बदललं याची फक्त नोंद असते. ती उलगडायचं काम प्रोसेसरचं. उलगडलेल्या एका फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. बिंदूला चार बाइट धरले तर एक चित्र ३३ एमबीच्या आसपास जातं आणि सेकंदाला ३० चित्रं म्हटली की जवळजवळ १ जीबी. सगळी चित्रं एकदम साठवून ठेवावी लागत नाहीत हे खरं, पण थोडी मागची, थोडी पुढची, वर दुसरा थर, शीर्षक, रंगबदल हे सगळं रॅममध्येच मांडावं लागतं.

आता ८ जीबीतलं हातात किती उरतं? विंडोज आणि ब्राउझर मिळून निम्मी रॅम सहज खातात, आणि शिकणाऱ्याचा ब्राउझर कधीच बंद नसतो, कारण ज्यात बघून शिकायचं तो व्हिडिओ तिथेच चालू असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधून आपला वाटा उचलतं. जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर एसएसडीवर हलवू लागतं. मग क्लिक केल्यावर दोन सेकंदांनी कट बसतो, कधी सॉफ्टवेअरच बंद पडतं. प्रीमिअर प्रोसाठी खुद्द अडोबी एचडी कामाला १६ आणि फोर-केला ३२ जीबी सुचवते.

प्रोसेसर कमी पडला तर त्रास होतो, पण त्यातून वाट काढता येते. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून घ्यायच्या. दा विंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट-क्लिक करून `Generate Proxy Media` निवडलं की झालं. एडिटिंग या हलक्या प्रतींवर करायचं आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरून. एक्स्पोर्टला वेळ जास्त लागेल, पण तेवढ्यात जेवण होतं. शिवाय चित्रं उलगडणारा खास भाग इंटेलच्या एकाच पिढीतल्या आय-फाइव्ह आणि आय-सेव्हनमध्ये बराचसा सारखाच असतो. त्यामुळे नुसता व्हिडिओ चालवून बघताना सातच्या आकड्याचा फायदा फारसा जाणवत नाही. उलट नावाच्या शेवटचं अक्षर बघावं. कमी विजेवर चालणारा U अक्षराचा आय-सेव्हन लांबलचक एक्स्पोर्टमध्ये H अक्षराच्या आय-फाइव्हच्या मागे पडू शकतो.

म्हणून आधी १६ जीबी. मात्र याला एक मोठा अपवाद आहे आणि तो दुकानातच तपासता येतो. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा, `Performance` मध्ये `Memory` वर जा. तिथे `Form factor: SODIMM` आणि `Slots used: 1 of 2` दिसलं, तर एक खाच रिकामी आहे. मग सरळ चांगल्या प्रोसेसरचा लॅपटॉप घ्या आणि ८ जीबीची दुसरी पट्टी लगेच बसवून घ्या. प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, रॅम वाढवता येते. दोन पट्ट्या जोडीने चालतात याचा अंगभूत ग्राफिक्सला वेगळा फायदाही होतो. पण `Row of chips` दिसलं तर ती रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. दुसरी रिकामी खाच नसेल तर घेताना घेतली तेवढीच कायमची. आजच्या मॅकबुकचंही तेच. कव्हर उघडल्याने वॉरंटी जाते का, हे मात्र बिल करायच्या आधी विचारून घ्यावं.

घरी जुना लॅपटॉप असेल तर खर्च करण्याआधी तोच टास्क मॅनेजर उघडा ठेवून एक क्लिप चालवून पाहा. रॅम नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत धावतेय, तर रॅमच कमी पडतेय. रॅम साठ टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसर शंभरावर, तर प्रॉक्सी करा. दोन्ही निवांत असूनही चित्र अडखळतंय, तर फुटेज पेनड्राइव्हवरून चालतंय का ते बघा. तसं असेल तर आधी ते आतल्या एसएसडीवर कॉपी करून घ्या.