संथारा, टायमर आणि अन्ननळी

धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर १९५५ च्या श्रावणात आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. आहार सुटला, मग पाणीही सुटलं आणि १८ सप्टेंबरला त्यांचं देहावसान झालं. महिनाभर दर्शनासाठी महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं येत होती. याच व्रताला श्वेतांबर परंपरेत संथारा म्हणतात. साठ वर्षांनी, १० ऑगस्ट २०१५ रोजी, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा जैन धर्माचा अत्यावश्यक भाग ठरत नाही असं म्हटलं आणि तो घेणाऱ्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचं, मदत करणाऱ्यावर प्रवृत्त केल्याचं कलम लावावं असा निकाल दिला. देशभर जैन समाज मूक मोर्चे काढून रस्त्यावर आला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली.

मरणाच्या दारातल्या माणसाच्या उपचारांविषयी निबंध लिहायला बसलेल्या कुणालाही हे प्रकरण टाळता येत नाही. बहुतेक जण मात्र ते दोन ओळींत उरकतात: जैन धर्माची उपोषणाने मरणाला मान्यता आहे, ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांचा विरोध आहे, हिंदू धर्मात दोन्ही मतं आहेत. अशा वाक्यांत एकही शब्द धडधडीत खोटा नसतो, तरी त्यात कुठल्याही धर्माच्या माणसाला आपली भूमिका ओळखता येत नाही. कारण माणसं तिथवर कशी पोहोचली, ते त्यात कुठेच नसतं.

संथाऱ्याचंच बघा. समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ हा गृहस्थांच्या आचाराचा जुना ग्रंथ. त्यात सल्लेखना कधी घ्यावी याची यादी आहे: निवारण होणार नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि बरा न होणारा रोग. म्हणजे निरोगी माणसाने जगण्याला कंटाळून घ्यायचं हे व्रत नाही. रीतही सांगितली आहे. आधी आप्तेष्टांची आणि इतरांची क्षमा मागायची, मनातला राग-लोभ सोडायचा. मग अन्न हळूहळू कमी करून दुधासारख्या पेयांवर यायचं, तेही सोडून कांजी किंवा गरम पाण्यावर, आणि शेवटी उपवासावर. इथे घाईला जागा नाही.

‘तत्त्वार्थसूत्रा’त या व्रताचे पाच दोष दिले आहेत. त्यात जगण्याची आस धरणं हा दोष आहे आणि मरण लवकर यावं अशी आस धरणं हाही दोषच आहे. हे कळलं की वादाचा चेहराच बदलतो. आत्महत्येच्या गाभ्याशी मरणाची इच्छा असते, आणि नेमकी तीच इच्छा हे व्रत बिघडवते असं जैन आचार्य सांगतात. हे पटो न पटो, निबंधात ते यायलाच हवं. ते गाळून ‘जैन याला आत्महत्या मानत नाहीत’ एवढंच लिहिलं, तर वाचकाला तो केवळ भावनेचा हट्ट वाटतो.

प्रामाणिकपणा इथे संपत नाही, कारण विरोधकांचं म्हणणंही तितक्याच ताकदीने मांडायला हवं. जयपूरच्या ज्या वकिलाने २००६ मध्ये याचिका केली, त्यांनी संथाऱ्याची तुलना सतीशी केली होती. ही तुलना जैनांना जिव्हारी लागली. तिच्यामागचा प्रश्न मात्र खरा आहे. घरातली वृद्ध विधवा जेव्हा ‘मला संथारा द्या’ म्हणते, तेव्हा त्यात तिचं किती आणि घरच्यांच्या, समाजाच्या अपेक्षेचं किती? व्रत घेतल्याने घराण्याचा मान वाढत असेल, तर मध्येच ‘मला जेवायचंय’ म्हणायचं धाडस तिला होईल का? ग्रंथातल्या अटी चोख आहेत, म्हणून वाड्यातला व्यवहार चोख असतोच असं नाही. निबंधकाराने ग्रंथ काय सांगतो आणि लोक काय करतात, हे दोन परिच्छेदांत वेगवेगळं लिहावं. त्यांची सरमिसळ झाली की एका बाजूचा आदर्श आणि दुसऱ्या बाजूचा गैरप्रकार यांची लढाई लावली जाते. तशी लढाई लावली तर कुठलाही धर्म हरवता किंवा जिंकवता येतो.

अशीच गल्लत २०१६ मध्ये झाली. हैदराबादेत १३ वर्षांच्या एका मुलीचा ६८ दिवसांच्या उपवासानंतर मृत्यू झाला आणि काही चर्चांत ते प्रकरण संथाऱ्याच्या खात्यावर पडलं. तो उपवास तपस्येचा होता. मृत्यूसाठीचं ते व्रत नव्हतंच, आणि रोग, म्हातारपण यांपैकी एकही अट तिथे लागू नव्हती. मुलांकडून असे उपवास होऊ द्यावेत का, हा गंभीर प्रश्न आहे, पण तो वेगळ्या निबंधाचा.

‘धर्माचा विरोध आहे’ असं जिथे सर्रास लिहिलं जातं, तिथे तर आणखी बारकाईने पाहावं लागतं. ज्यू धर्मशास्त्रात मरणासन्न माणसाचा मृत्यू क्षणभरही अलीकडे आणणं निषिद्ध आहे. पण सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकूवचे रब्बी मोझेस इसरलिस यांनी त्याला एक महत्त्वाची पुरवणी जोडली. घराजवळ लाकूड फोडण्याचा आवाज चालू असेल किंवा जिभेवर मीठ ठेवलेलं असेल, आणि त्यामुळे जीव अडकून राहिला असेल, तर ते दूर करायला हरकत नाही. कारण ते मारणं नव्हे, अडथळा काढणं आहे.

आता अतिदक्षता विभागात या. व्हेंटिलेटर म्हणजे जिभेवरचं मीठ, की रुग्णाचा श्वास? काढला तर अडथळा दूर केला, की माणूस मारला? यावर रब्बींमध्ये आजही एकमत नाही. इस्रायलने २००५ मध्ये मरणासन्न रुग्णांविषयीचा कायदा केला. त्याआधी डॉक्टर आणि वैद्यकीय नीतितज्ज्ञ अव्राहम स्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालची समिती बसली होती. तिच्यात डॉक्टर, परिचारिका, वकील, तत्त्वज्ञ आणि रब्बी मिळून ५९ जण होते. अखंड चालणारा उपचार मधेच तोडायचा नाही; पण थांबून थांबून दिला जाणारा उपचार, उदाहरणार्थ डायलिसिसची पुढची फेरी, रुग्णाची तशी इच्छा असेल तर सुरू न करायला मुभा आहे. मग व्हेंटिलेटरचं काय? त्याला टायमर लावायची कल्पना पुढे आली. ठरलेल्या मुदतीनंतर यंत्र आपसूक थांबणार, त्याआधी इशारा देणार, आणि रुग्णाची इच्छा नसेल तर ते पुन्हा सुरू करायचं नाही. असं केलं की अखंड उपचाराचे टप्पे पडतात.

बाहेरच्या माणसाला ही निव्वळ पळवाट वाटते, आणि बऱ्याच निबंधांत ती तशीच, किंचित हसण्यावारी नेलेली असते. पण ज्याच्या लेखी हाताने तोडणं आणि पुन्हा न जोडणं यांत पापपुण्याचं अंतर आहे, त्याच्यासाठी हा टायमर म्हणजे रुग्णाची सुटका आणि धर्माज्ञा दोन्ही पाळण्याचा मनापासूनचा प्रयत्न आहे. निबंधकाराला हा फरक स्वतःला पटत नसेल तर तसं खुशाल लिहावं. अनेक नीतितज्ज्ञांना तो पटत नाही, परिणाम एकच तर फरक कसला, असं त्यांचं म्हणणं. पण हे म्हणणं समितीचं कारण पूर्ण सांगून झाल्यावर यावं.

कॅथलिक चर्चच्या बाबतीत घोटाळा वेगळाच होतो. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं होतं, की जीव वाचवण्यासाठी साधे उपाय करणं हे कर्तव्य आहे, असाधारण उपाय करण्याची सक्ती नाही. त्यामुळे परिस्थितीनुसार श्वसनयंत्र थांबवता येतं. मार्च २००४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मात्र म्हटलं, की शुद्ध हरपलेल्या रुग्णाला नळीने दिलं जाणारं अन्नपाणी ही मूलभूत शुश्रूषा आहे, औषधोपचार नव्हे, आणि म्हणून तत्त्वतः ते द्यायलाच हवं. म्हणजे एकाच चर्चमध्ये व्हेंटिलेटरला एक न्याय आणि नाकातल्या नळीला दुसरा. ‘चर्चचा दयामरणाला विरोध’ या वाक्यात ही सगळी गुंतागुंत बुडून जाते. वसईच्या एखाद्या कुटुंबाला आजोबांचं व्हेंटिलेटर काढायचं की नाही हा प्रश्न पडला, तर ते वाक्य त्यांची उगाचच कोंडी करील.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते: बोलणाऱ्याचा अधिकार. पोपचं वचन सगळ्या कॅथलिकांसाठी वजनदार असतं. सौदी अरेबियाच्या फतवा समितीने तीन तज्ज्ञ डॉक्टरांचं एकमत असेल तर निरुपयोगी ठरणारं पुनरुज्जीवन न करायला संमती दिली, तिचं वजन त्या देशातल्या रुग्णालयांत मोठं आहे. पण कोल्हापूरच्या मुस्लिम कुटुंबाला ती बंधनकारक नाही. इस्लाममध्ये सगळ्यांवर चालेल असं एक पीठ नाही. म्हणून ‘इस्लाम म्हणतो’ ऐवजी ‘अमुक समितीने असं सांगितलं’ लिहिणं अधिक खरं असतं.

हिंदूंच्या बाबतीत तर पीठही नाही आणि समितीही नाही. मग लेखक प्रसिद्ध व्यक्तींकडे वळतो, आणि महाराष्ट्रात दोन उदाहरणं हाताशीच असतात. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये औषध आणि अन्न सोडलं आणि २६ फेब्रुवारीला देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला अन्न-औषध नाकारलं आणि १५ तारखेला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. वरून पाहता दोन्ही प्रायोपवेशनंच. पण सावरकरांचा युक्तिवाद जीवितकार्य पूर्ण झाल्याचा होता. आपला अंत्यसंस्कार विधींशिवाय, विद्युतदाहिनीत व्हावा अशी त्यांची इच्छा होती. विनोबांची वृत्ती देह ईश्वरावर सोडून देणाऱ्या भक्ताची, आणि त्यांना जैन विचाराचंही मोठं आकर्षण. ‘समणसुत्तं’ हे जैन वचनांचं संकलन त्यांच्याच प्रेरणेने झालं. या दोघांना ‘हिंदू भूमिका’ या एकाच रकान्यात बसवणं म्हणजे दोघांवरही अन्याय आहे. सावरकरांचं उदाहरण विवेकवादाच्या परिच्छेदात अधिक शोभतं, विनोबांचं कदाचित संथाऱ्याशेजारी.

आणि शेवटी कायदा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासणी करतात. या कागदाला दयामरणाच्या बाजूचा कागद समजण्याची चूक अनेक निबंधांत होते. हे पत्र लिहिण्याची सक्ती कुणावर नाही, आणि काय नको हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं. व्हेंटिलेटर नको, पण नळीने अन्नपाणी चालू ठेवा, असं एखादी कॅथलिक आजी लिहू शकते. दोन्ही नको, असं तिचा जैन शेजारी लिहू शकतो. हे दोन्ही कागद निबंधात शेजारी ठेवले तर कायदा काय देतो आणि श्रद्धा काय मागते हे वाचकाला वेगवेगळं दिसतं.