राजीनाम्यातली तारीख

सीए होण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांचे राजीनामे सहसा कारणावर जोर देतात. शिक्षणाची ओढ, कंपनीने दिलेलं प्रेम, कुटुंबाचा पाठिंबा, सगळं अर्धं पान भरून लिहिलेलं असतं. आणि ज्या एका गोष्टीवर पुढची तीन वर्षं उभी राहणार असतात, ती कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख, ‘लवकरात लवकर मुक्त करावे’ एवढ्या मोघम वाक्यात उरकलेली असते. माझ्या मते हे पत्र उलट्या क्रमाने लिहायला हवं. आधी तारीख ठरवावी आणि बाकीचा मजकूर तिच्याभोवती बेतावा. असं का, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अशा मुली भरपूर भेटतील.

ती बी.कॉम. झालेली आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात 15 नोव्हेंबर 2021 पासून काम करते. पगार 32 हजार, त्यात बेसिक 18 हजार. नोकरी सांभाळून, पहाटे उठून अभ्यास करत तिने सीए इंटरमिजिएट दिली. जानेवारी 2026 च्या परीक्षेत उरलेला दुसरा ग्रुप सुटला, तो निकाल मार्चच्या सुरुवातीला लागला. इथपर्यंत नोकरी आणि अभ्यास सोबत चालले. पुढे मात्र आर्टिकलशिप आहे, म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण. 2023 पर्यंत ते तीन वर्षांचं होतं. आता दोनच वर्षं, पण दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू करता येतं. आणि या काळात दुसरी नोकरी करता येत नाही.

तिचे साहेब भले आहेत. ते म्हणतात, “राजीनामा कशाला देतेस? दोन वर्षं बिनपगारी रजा घे, सीए होऊन परत ये.” ऐकायला हे फार चांगलं वाटतं, पण ते स्वीकारता येत नाही. बिनपगारी रजेवर असलेला माणूस कागदोपत्री कंपनीचा नोकरच राहतो. पगार मिळत नसला तरी नातं तुटलेलं नसतं. आर्टिकल म्हणून नोंद झालेली व्यक्ती त्याच वेळी दुसरीकडे नोकरीत असल्याचं इन्स्टिट्यूटसमोर आलं, तर तो प्रशिक्षणाचा काळ धरला जात नाही, म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं काम पाण्यात जाऊ शकतं. काही जण याच्या उलट करतात. नोकरी चालू ठेवतात आणि ओळखीच्या सीएकडे नावापुरती आर्टिकलशिप दाखवतात. त्यात विद्यार्थी अडकतो आणि सही करणारा सीएही अडकतो. ज्या व्यवसायात आयुष्यभर आपल्या सहीवर लोकांनी विश्वास ठेवायचा, त्यात शिरताना पहिलाच कागद खोटा असावा, हे मला पटत नाही. तेव्हा राजीनामाच द्यावा लागतो, आणि तो स्वच्छ द्यावा लागतो.

आता तारखेचा हिशेब. तिच्या नेमणूकपत्रात साठ दिवसांची नोटीस आहे. मंगळवारी, 10 मार्च 2026 ला तिने पत्र दिलं, तर साठावा दिवस शनिवारी, 9 मे ला येतो. आर्टिकलशिपआधी आयटी आणि ओरिएंटेशन असं मिळून चार आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते दिवसभराचं असल्यामुळे नोकरी करता करता होत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली बॅच मिळाली, तर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं आणि सोमवारी, 8 जूनला ती फर्ममध्ये रुजू होऊ शकते. दोन वर्षं 7 जून 2028 ला पूर्ण होतात. त्यानंतर सहा महिने अभ्यासाचे असतात आणि ते उरकल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. फायनल आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. 7 जूननंतरचे सहा महिने डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात, म्हणजे जानेवारी 2029 ची परीक्षा तिला देता येते.

इथे साहेबांची दुसरी विनंती येते, आणि मार्चमध्ये ती येतेच: “वर्षअखेरीचं काम आहे, ऑडिट होईपर्यंत एक महिना जास्त थांब.” माणुसकीला धरून मागणी आहे, महिन्याचा पगारही मिळणार. पण एक महिना पुढे सरकलं, की रुजू होणं 8 जूनऐवजी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जातं. मग दोन वर्षं जुलै 2028 मध्ये संपतात, सहा महिने जानेवारी 2029 मध्ये संपतात, आणि तोवर जानेवारीची परीक्षा हातची गेलेली असते. एका महिन्याच्या उशिरापायी पूर्ण प्रयत्न मेवर जातो. जूनअखेरची ही रेघ साहेबांना माहीत नसते आणि बऱ्याचदा विद्यार्थ्यालाही वेळेवर सुचत नाही. तिच्याकडे मोकळे म्हणून फार तर तीन आठवडे आहेत. त्यातूनच आजारपण आणि बॅच न मिळणं सोसायचं आहे. आर्टिकलशिपमध्ये वर्षाला बाराच दिवस रजा मिळते आणि जास्त घेतली तर तेवढे दिवस प्रशिक्षण लांबतं, हेही त्या तीन आठवड्यांतच बसवायचं आहे.

आणखी एक ओढ असते, ती ग्रॅच्युइटीची. तिच्या नोकरीला मार्चमध्ये चार वर्षं आणि चार महिने होत आले आहेत. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबली तर ती पूर्ण होतात. रक्कमही सोपी काढता येते. 18 हजार बेसिकला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं आणि पाच वर्षांनी गुणायचं, उत्तर साधारण 52 हजार येतं. तिच्या घरी बसून हा हिशेब केला, तर कोणताही काटकसरी बाप म्हणेल, “बाळा, आठ महिन्यांसाठी का सोडतेस?” पण नोव्हेंबरला आर्टिकलशिप धरली तर फायनल जानेवारीऐवजी सप्टेंबर 2029 ला येते. 52 हजारांसाठी आठ महिने उशिराने सीए व्हायचं. वडिलांची काळजी खोटी नाही, कारण पुढची दोन वर्षं हातात 32 हजारांऐवजी जेमतेम काही हजारांचा स्टायपेंड येणार आहे. घरात कर्जाचा हप्ता असेल, तर त्या 52 हजारांसाठी थांबणं शहाणपणाचंही ठरू शकतं. मात्र किती प्रयत्न सोडतोय हे पाहून थांबावं, न पाहता थांबू नये.

हे ठरलं की पत्र फार थोडं उरतं. तिच्यासाठी असं एक पत्र मी लिहून पाहिलं:

“महोदय, मी लेखा विभागात 15 नोव्हेंबर 2021 पासून कार्यरत आहे. या पत्राद्वारे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील साठ दिवसांच्या नोटीसनुसार 9 मे 2026 हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. सीए इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यामुळे मला दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण सुरू करायचे असून त्या काळात नोकरी करता येत नाही. नोटीसच्या काळात माझे काम मी नेमून दिलेल्या सहकाऱ्याकडे सोपवीन. कृपया राजीनामा स्वीकारल्याचे लेखी कळवावे आणि 9 मे रोजी मुक्तिपत्र व अनुभवपत्र द्यावे. येथे शिकायला मिळालेल्या कामाबद्दल मी ऋणी आहे.”

यात ‘शक्य असल्यास’ नाही, ‘सोडण्याचा विचार आहे’ नाही. विचार असल्याचं लिहिलं, की तो राजीनामा आहे की सूचना, यावर वाद घालायला जागा राहते. भविष्यातल्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच मान्य केलं आहे. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण 2024 मध्ये त्याच न्यायालयात निकाली निघालं. स्वीकृतीचं पत्र त्याच्यापर्यंत पोहोचल्याचं सिद्ध झालं नाही आणि मधल्या काळात त्याला कामावरही बोलावलं होतं, म्हणून राजीनामा मागे घेणं ग्राह्य धरलं गेलं. तिथे लेखी स्वीकृतीची उणीव कर्मचाऱ्याच्या उपयोगी पडली. सीएकडे निघालेल्याला मात्र तीच उणीव नडते, कारण स्वीकृतीच मोघम असेल तर नोकरी नेमकी कधी संपली, हे ठामपणे दाखवता येत नाही. म्हणून ईमेलने पाठवा, छापील प्रतीवर पोच घ्या आणि आठवड्यात स्वीकृती आली नाही तर शांतपणे विचारा.

काम सोपवण्याचं वाक्य सौजन्यापुरतं नसतं. अकाउंट्समध्ये महिन्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: टीडीएसचा भरणा 7 तारखेला, जीएसटीआर-1 साधारण 11 ला, जीएसटीआर-3बी 20 ला. मार्चच्या टीडीएसला 30 एप्रिलपर्यंत मुदत असते. तिने साहेबांसमोर कागद ठेवला: कोणतं काम ती कोणत्या तारखेपर्यंत स्वतः करेल, कोणत्या तारखेचं नव्या माणसाने तिच्यासमोर करायचं आणि ऑडिटरला लागणारी कोणती फाइल कुठे आहे. असा कागद समोर असला, की “एक महिना थांब” हे म्हणणं बरंच सौम्य होतं, कारण जे अडणार होतं त्याचा बंदोबस्त दिसतो. शब्द दिला तर पाळावाही लागतो. 20 एप्रिलचं रिटर्न आपल्या हातून गेलं पाहिजे म्हटलं, तर ते जायलाच हवं. पुढे आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात कंपनीत औद्योगिक प्रशिक्षण घ्यायची सोय आहे. जी कंपनी आपल्याला नीट निरोप देते, तिथलं दार तेव्हा ठोठावता येतं.

9 मे ला तिच्या हाती तीन गोष्टी असायला हव्यात. मुक्तिपत्र, ज्यावर शेवटचा दिवस 9 मे असाच लिहिलेला असेल. अनुभवपत्र. आणि भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची नोंद. ही नोंद कंपनीने करायची असते आणि ती अनेकदा राहून जाते. पैसे काढायची घाई मात्र करू नये, कारण सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि खातं तसंच राहून व्याज मिळवू शकतं. त्यानंतर प्रशिक्षण पूर्ण करून ती 8 जूनला फर्ममध्ये रुजू होते आणि तीस दिवसांच्या आत फॉर्म 103 भरते. त्यातली रुजू झाल्याची तारीख मुक्तिपत्रावरच्या तारखेनंतरचीच असली पाहिजे. सही करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून हे पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.